छातीखालची खळगी आणि माणसाचं वय

डोंबिवलीच्या दवाखान्यात पेशंट आला आणि छातीच्या हाडाखालच्या खळगीवर हात ठेवून म्हणाला, "डॉक्टर, इथं दुखतंय," की मी त्याचं वय आधी बघतो. जागा तीच असली, तरी कारण वयाप्रमाणे बदलतं.

चार वर्षांचा एक मुलगा आठवतो. ताप आणि पोटदुखी होती. अपेंडिक्स असेल म्हणून आईवडील घाबरून आले होते. पोट दाबलं तर मऊ लागलं. आईच्या मांडीवर तो शांत बसल्यावर पूर्ण एक मिनिट श्वास मोजले, ते बावन्न भरले. एक ते पाच वर्षांच्या मुलात चाळीस किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे जलद. एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया दिसला. फुप्फुसाच्या खालच्या भागाजवळच्या छातीच्या अस्तराला आणि पोटाच्या भिंतीला त्याच नसा जातात. म्हणून दुखणं छातीतलं, पण मूल बोट ठेवतं पोटावर. पोटदुखी आणि ताप घेऊन आलेल्या मुलाचे श्वास मोजल्याशिवाय मी त्याला सोडत नाही.

पंचविशीतल्या तरुणाचं वेगळं. दिवसभर चहावर काढून रात्री अकराच्या लोकलने घरी येतो, जेवतो आणि लगेच आडवा होतो. जळजळ, तोंडाला आंबट पाणी, उठून बसलं की आराम: ही बहुधा आम्लपित्ताची गोष्ट. पण 'बहुधा' हा शब्द मी जपून वापरतो. आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो. तंबाखू असेल किंवा वडिलांना चाळिशीत झटका आला असेल, तर तिशीतल्या माणसाचाही ईसीजी काढतो.

आता आजी. वय अडुसष्ट, वीस वर्षांचा मधुमेह. "गॅस झालाय, सोडा घेतला, ढेकर आली, बरं वाटलं," असं त्या म्हणाल्या. मी विचारलं, "आजी, स्टेशनचा पूल चढताना होतं का?" त्या म्हणाल्या, "हो, अर्ध्यावर थांबावं लागतं. थांबलं की जातं." आज मात्र बसल्या जागी दुखत होतं आणि घाम फुटला होता.

हृदयाच्या आणि जठराच्या वेदना मज्जारज्जूत शेजारीशेजारी पोचतात, त्यामुळे मेंदूची जागेबाबत गफलत होते. त्यात जुन्या मधुमेहाने नसा बोथट झालेल्या असतात. छातीवर दगड ठेवल्यासारखी कळ अनेकदा येतच नाही, नुसती मळमळ, दम आणि घाम येतो. ढेकरेनं बरं वाटलं म्हणून हृदय निर्दोष ठरत नाही.

पहिला ईसीजी ठीक आला. आजी घरी जायला उठल्या. मी त्यांना थांबवलं, ॲस्पिरिन चघळायला दिली आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पट्टी काढली. या वेळी हृदयाच्या खालच्या भिंतीकडच्या रेषा वर उचललेल्या होत्या. ही भिंत छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्यालाच टेकलेली असते. रुग्णवाहिका आली तेव्हाही आजी सुनेला सांगत होत्या, "अगं, गॅसच आहे गं."