हे वाईट आहे का?
(तिलक नगर, जयपूर येथील व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

ऑक्टोबर उजाडला की माझ्या फोनवर प्रगतीपुस्तकांचे फोटो यायला लागतात. शिक्षकी सोडून बरीच वर्षं झाली, तरी आपल्या मराठी घरांतून ते येतातच. फोटोखाली एकच ओळ असते, "काका, हे वाईट आहे का?" आज अशाच एका फोटोबद्दल सविस्तर बोलणार आहे. मुलाची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत.

मुलगा सातवीत, सीबीएसईच्या शाळेत. वडील गलाईच्या धंद्यात. विटा-खानापूरकडची अशी कुटुंबं देशभर विखुरलेली आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. आई विट्याच्या मराठी शाळेत दहावी झालेली. तिच्या डोक्यात पस्तीसला पास हे माप पक्कं बसलेलं. आणि समोर इंग्रजीत छापलेला तक्ता. फोटोत गणिताच्या ओळीत ३१ दिसत होते आणि त्यांच्याभोवती तिने बोटाने लाल गोल काढला होता.

मी आधी काहीच मत दिलं नाही. "अगं, पूर्ण पान पाठव, दोन्ही बाजू, उजेडात," एवढंच म्हटलं. कारण फोटोत वरची ओळ कापली गेली होती आणि नेमकी तिथेच 'किती पैकी' हे छापलेलं असतं. अख्खं पान आल्यावर कळलं की ३१ हे ८० पैकी आहेत. ते शंभरपैकी समजून तिने अख्खी रात्र जागून काढली होती.

आता गणिताची ओळ नीट वाचू. सीबीएसईने २०१७ मध्ये सहावी ते आठवीसाठी जो साचा सुचवला, तो पुष्कळ शाळा आजही वापरतात. सहामाहीची लेखी परीक्षा ८० गुणांची. उरलेल्या वीसपैकी दहा चाचणीचे, म्हणजे मुलं ज्याला पीटी म्हणतात तिचे, पाच वहीचे आणि पाच प्रकल्प-उपक्रमांचे. या मुलाला लेखीत ३१, पीटीत ४, वहीचे ५, उपक्रमाचे ५. एकूण ४५. शाळेच्या कोष्टकात ४१ ते ५० म्हणजे सी-२, आणि ३३ च्या खाली ई. म्हणजे मुलगा पास आहे. तरी मी तिला "काही काळजी नाही" असं सांगितलं नाही. वही आणि उपक्रमाचे दहापैकी दहा बाजूला काढा. वही पूर्ण केली, तक्ता चिकटवला की हे गुण बहुतेक सगळ्यांना मिळतात. राहिलं ते लेखी, नव्वदपैकी ३५. शेकडा ३९. मुलाने स्वतः बसून सोडवलेलं गणित तेवढंच आहे, आणि सी-२ या अक्षरांत ते दिसत नाही.

तिने आणखी एक तुलना केली होती. जावेच्या मुलीला दहावीच्या बोर्डात गणितात सी-१ होता आणि घरात पेढे वाटले होते, मग याच्या सी-२ चं एवढं काय? इथे फार जणांची गल्लत होते. शाळेच्या प्रगतीपुस्तकातली श्रेणी ठरलेल्या गुणांवर असते. ९१ पासून वर ए-१, मग वर्गात अशी चाळीस मुलं असोत की एकही नसो. सीबीएसईच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवरची श्रेणी मात्र क्रमावर असते. त्या विषयात पास झालेल्यांची उतरती यादी करून तिचे आठ भाग पाडतात, पहिल्या भागाला ए-१, दुसऱ्याला ए-२, असं खाली डी-२ पर्यंत. अक्षरं सारखी दिसतात, पण दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. आणि आपल्या तिलक नगरात तर एका घरातलं मूल सीबीएसईत, शेजारचं अजमेरच्या राजस्थान बोर्डात. शेजारणीच्या मुलाच्या कागदाशी आपला कागद लावून बघण्याआधी बोर्ड कुठलं हे तरी विचारावं.

हिंदीत त्याला ५८. आईचं म्हणणं, घरी मराठी बोलतो म्हणून मागे पडतो. मी हिंदीची उत्तरपत्रिका मागवली. निबंध चांगला होता. लाल शाई होती ती 'कवी', 'शांती', 'स्थिती' अशा शब्दांवर. मराठीत शेवटची वेलांटी दीर्घ, हिंदीत हेच शब्द ऱ्हस्व. पोराने मराठीत बरोबर असलेलंच लिहिलं होतं. अशा शब्दांची यादी करून भिंतीवर लावली की हे महिन्याभरात सुटतं. हिंदीतल्या त्या गुणांना मी वाईट मुळीच म्हणणार नाही.

गणिताचं कारण मात्र प्रगतीपुस्तकाच्या मागच्या पानावर सापडलं. हजेरी, ९२ पैकी ६८ दिवस. चोवीस दिवस गेले कुठे? आजी आजारी होत्या, जवळजवळ अख्खा जुलै मुलगा विट्याला होता. जयपुरात उन्हाळ्याची सुट्टी संपून जुलैत वर्ग सुरू होतात, आणि त्याच महिन्यात त्याच्या शाळेत ऋण संख्या आणि अपूर्णांक शिकवून झाले. सहावीत त्याला गणितात ६६ होते. ६६ वरून ४५ हा उतार बुद्धीचा नव्हता. उत्तरपत्रिका पाहिली तर गेलेल्या ४९ गुणांपैकी २८ या दोन धड्यांतलेच होते. भूमितीत त्याचं फारसं काही चुकलं नव्हतं.

खात्री करायला आईला घरच्या घरी एक गणित घालायला सांगितलं. पाऊण अधिक दोन तृतीयांश किती? मुलाने लिहिलं, पाच सप्तमांश. वरचे वर मिळवले, खालचे खाली. पण पाच सप्तमांश तर पाऊणपेक्षाही कमी! मिळवल्यावर रक्कम घटली आणि मुलाला ते खटकलं नाही, ही मला खरी काळजीची गोष्ट वाटते. आकडेमोड चुकणं वेगळं आणि अपूर्णांक म्हणजे किती हे डोळ्यासमोर न येणं वेगळं. पहिल्याला सराव पुरतो. दुसऱ्याला भाकरीचे तुकडे करून पुन्हा पहिल्यापासून बसावं लागतं.

मग तिला उत्तर दिलं. वर्ष वाया जाणार नाही. शिक्षणहक्क कायद्यात २०१९ मध्ये बदल होऊन मुलाला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली ती पाचवी आणि आठवीपुरती, तीही दोन महिन्यांत फेरपरीक्षा घेतल्यानंतर. सातवीला ते लागू नाही. हिंदी, इंग्रजी, विज्ञान ठीक आहेत. गणित वाईट आहे, पण दोन धड्यांपुरतं. शिकवणी सगळ्या विषयांची लावू नकोस, या दोन धड्यांची लाव. आणि पालकसभेत बाईंना "आमचा कसा आहे?" असं विचारू नकोस, त्यावर "हुशार आहे, लक्ष देत नाही" हेच ऐकायला मिळतं. विचार, "जुलैत बुडालेलं तुम्ही पुन्हा कधी घेणार आहात का? आणि या पेपरात वर्गातल्या निम्म्या मुलांना साधारण किती पडले?" निम्मा वर्ग चाळिशीत असेल तर पेपर कठीण होता हे खरं मानायचं. तरी अपूर्णांकांचं काम त्याने टळत नाही.

पुढच्या पीटीत दहापैकी सहा आले तर ती मला लगेच फोटो पाठवील, हे मला ठाऊक आहे. तिला आत्ताच सांगून ठेवलंय की एकूण गुण पाहू नकोस, अपूर्णांकाचा प्रश्न कुठे आहे तो शोध आणि तो सुटलाय का ते बघ. दुसऱ्या धड्यांच्या जोरावर सहा आले आणि तो प्रश्न तसाच राहिला, तर आठवीत समीकरणं आल्यावर तो पुन्हा तिथेच अडेल. आणि चारच आले पण तो प्रश्न बरोबर असेल, तर काम चालू ठेवायचं आणि बाकीच्या चुका बघायला उत्तरपत्रिका घेऊन माझ्याकडे यायचं.