किल्ली कुणाकडे? गोदाम भाड्याने घेताना

मागच्या पावसाळ्यात आमच्या गटाने सोयाबीनची चाळीस पोती एका गोदामात ठेवली. दर पोत्याला महिन्याला वीस रुपये, किल्ली मालकाकडे. कागद एकच, त्यावर "४० पोती" एवढेच लिहिलेले.

तिसऱ्या महिन्यात पत्रा गळला. सहा पोती भिजून बुरसली. मालक म्हणाले, "तुमचा माल आधीच ओला होता." शिवाय २,४०० रुपये भाडे दिल्याशिवाय उरलेली चौतीस पोतीही हलवू देईनात.

वकीलताईंनी आम्हाला पहिला प्रश्न विचारला, किल्ली कुणाकडे? खोली भाड्याने घेऊन कुलूप आपण लावले, तर माल आपल्याच ताब्यात असतो. माल मालकाच्या हवाली केला, तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी त्यांनी घ्यायला हवी. पत्रा गळतोय हे ठाऊक असूनही दुरुस्त केला नाही, तर नुकसानीची जबाबदारी त्यांच्यावर येते. पण तेवढी काळजी घेऊनही नुकसान झाले, तर येत नाही. म्हणून मालाचा विमा कोण काढणार, हे करारात लिहून घ्यावे.

आमची चूक पावतीत होती. पोत्यांचे वजन, मालाचा ओलावा आणि ठेवल्याची तारीख लिहिली असती, तर "आधीच ओला" म्हणता आले नसते. गळतीही आम्ही फोनवर सांगितली, लेखी नाही.

आता माल अडवण्याचे. थकलेल्या भाड्यापोटी माल रोखून धरण्याचा हक्क करारात लिहिलेला असू शकतो. आमच्या कागदावर तो नव्हता. पण वाद लांबला असता, तर चांगला मालही खराब झाला असता. म्हणून "नुकसानभरपाईचा हक्क राखून" असे लिहून आम्ही भाडे भरले आणि माल काढला. सहा पोती म्हणजे तीनशे किलो, पंचेचाळीसच्या भावाने १३,५०० रुपये. ओलाव्याचा पुरावा नसल्याने निम्म्यावर, ६,७५० वर तडजोड झाली.

यंदाच्या करारात आम्ही लिहून घेतले की, थकबाकीपुरतीच पोती रोखायची, बाकीची सोडायची. विकण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यायची आणि भाडे वळते करून उरलेली रक्कम परत करायची.

काय ठेवायचे, तेही ठरवले. फक्त वाळवलेले धान्य. खत, कीटकनाशक, रॉकेल आत न्यायचे नाही. ही अट आम्हालाही लागू आहे. आमच्या ओल्या पोत्यामुळे शेजारची थप्पी बुरसली, तर भरपाई आमच्याकडूनच जाणार. म्हणून प्रत्येक पोते आत जाण्याआधी आम्ही त्याचा ओलावा मोजतो आणि आकडा पावतीवर लिहून मालकांची सही घेतो.