गुणायला सोपं, फोडायला अवघड

शाळेत आपण मूळ संख्या शिकतो. जिला फक्त १ ने आणि स्वतःने नि:शेष भाग जातो, ती मूळ संख्या. २, ३, ५, ७, ११ या मूळ संख्या आहेत. १ ला मूळ मानत नाहीत, आणि ९ सुद्धा मूळ नाही, कारण तिला ३ ने भाग जातो. १ पेक्षा मोठी कोणतीही पूर्ण संख्या घ्या. ती एकतर स्वतः मूळ असते, नाहीतर मूळ संख्यांच्या गुणाकारातून बनलेली असते. ६० म्हणजे दोन दुणे चार, चार त्रिक बारा, बारा पंचे साठ. क्रम बदलला तरी ६० चे मूळ अवयव हेच. दुसरे निघत नाहीत.

आता दोन मूळ संख्या घेऊ, ३ आणि ११. गुणाकार ३३. या ३३ वर आपण एक छोटं कुलूप बनवू. दोन्ही मूळ संख्यांतून एकेक वजा करायचा आणि गुणायचं: दोन गुणिले दहा, वीस. आता अशा दोन संख्या शोधायच्या, की त्यांच्या गुणाकाराला २० ने भागल्यावर बाकी १ उरेल. ३ आणि ७ चालतील, कारण सात त्रिक एकवीस. ३३ आणि ३ ही जोडी जगाला सांगून टाकायची. ७ मात्र स्वतःजवळ ठेवायचे.

समजा, तुम्हाला मला ४ हा आकडा गुप्तपणे कळवायचा आहे. तुम्ही ४ चा घन करा, ६४. त्याला ३३ ने भागा, बाकी ३१. हे ३१ उघडपणे पाठवा. मी ३१ चा सातवा घात काढतो आणि ३३ ने भागतो. बाकी उरते बरोबर ४. वाटेत कुणी ३१ वाचले, आणि ३३ व ३ त्याला आधीच ठाऊक असले, तरी ४ काढायला त्याला माझे ७ लागतात. ७ हवे तर २० हवे, आणि २० हवे तर ३३ चे अवयव हवेत.

३३ चे अवयव चौथीतलं मूलही सांगेल. म्हणून प्रत्यक्षात तीनशेहून अधिक अंकांच्या दोन मूळ संख्या घेतात आणि त्यांचा गुणाकार ६१७ अंकी होतो. १९७७ साली अमेरिकेतल्या एमआयटी संस्थेत रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी ही पद्धत मांडली. त्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला आरएसए म्हणतात. आज ब्राउझर आणि वेबसाइट आपापसात गुप्त किल्ली ठरवतात ती बहुधा दुसऱ्या गणिताने. पण समोरची वेबसाइट खरोखर तुमच्या बँकेचीच आहे ना, याची खात्री देणाऱ्या डिजिटल प्रमाणपत्रांवरच्या सह्यांत आरएसए मोठ्या प्रमाणावर वापरलं जातं. तिथे किल्ल्यांचा क्रम उलटा असतो: गुप्त किल्लीने सही करायची, आणि जाहीर किल्लीने कुणीही ती पडताळायची.

इथे एक रास्त शंका येते. एवढ्या मोठ्या संख्येचे अवयव पाडणं अशक्यप्राय असेल, तर तीनशे अंकी संख्या मूळ आहे हे तरी संगणकाला कसं कळतं? उत्तर असं, की अवयव न शोधताही हे तपासता येतं. सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने एक गुणधर्म सांगितला. १३ ही मूळ संख्या घ्या. तिच्यापेक्षा एक कमी, म्हणजे बारा वेळा २ घेऊन गुणा: ४०९६. याला १३ ने भागा, बाकी १. दोनहून मोठ्या प्रत्येक मूळ संख्येला हे लागू पडतं. आता १५ घ्या. चौदा वेळा २ घेऊन गुणले की १६३८४. १५ ने भागल्यावर बाकी ४. बाकी १ आली नाही, म्हणजे १५ मूळ नाही. तिचे अवयव ३ आणि ५ आहेत, हे आपण पाहिलंही नाही, तरी निकाल लागला.

ही कसोटी अगदी पक्की मात्र नाही. ३४१ ही संख्या म्हणजे ११ गुणिले ३१, तरी २ घेऊन केलेल्या या परीक्षेत ती पास होते. म्हणून संगणक याहून कडक कसोटी लावतात, आणि तीही वेगवेगळ्या संख्या घेऊन पुन्हा पुन्हा. चूक होण्याची शक्यता मग नगण्य उरते. आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ साली दाखवून दिलं, की मूळपणाचा निकाल संशयाला जागा न ठेवता आणि वाजवी वेळात लावता येतो. शिवाय तीनशे अंकी संख्यांत साधारण सातशेमागे एक मूळ असते. त्यामुळे यादृच्छिक संख्या घेऊन तपासत गेलं, की थोड्याच वेळात एखादी सापडते.

मूळ संख्या शोधणं सोपं, गुणणं त्याहून सोपं, आणि गुणाकार फोडणं अवघड. या अंतरावर सगळी सुरक्षा उभी आहे. ते अंतर किती, याचा अंदाज दोन प्रसंगांवरून येतो. १९७७ मध्येच ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात १२९ अंकी संख्या आव्हान म्हणून छापली गेली. ती १९९४ साली फुटली. इंटरनेटवरून जोडलेल्या सुमारे सहाशे स्वयंसेवकांना त्यासाठी आठ महिने लागले. पुढे २०२० मध्ये २५० अंकी संख्या फुटली. तेवढं काम प्रोसेसरच्या एकाच गाभ्याने केलं असतं, तर सुमारे २७०० वर्षं लागली असती. ६१७ अंकी संख्या याच्याही फार पुढे आहे.

मग कुलूप तुटतं कुठे? मूळ संख्या निवडण्यात. समजा दोन यंत्रांच्या जाहीर संख्या ३९१ आणि ४९३ आहेत. त्या वेगवेगळ्या फोडत बसायची गरज नाही. मोठीतून लहान वजा करा, १०२. ३९१ ला १०२ ने भागा, बाकी ८५. १०२ ला ८५ ने भागा, बाकी १७. आणि ८५ ला १७ ने पूर्ण भाग जातो. म्हणजे १७ हा दोघांचा सामाईक अवयव, आणि दोन्ही कुलपं एकदम उघडली: सतरा गुणिले तेवीस, सतरा गुणिले एकोणतीस. हा शाळेतलाच मसावि. संख्या सहाशे अंकी असल्या, तरी संगणक तो क्षणात काढतो.

हे खरोखर घडलं आहे. २०१२ साली संशोधकांच्या दोन गटांनी इंटरनेटवरच्या लाखो जाहीर किल्ल्या गोळा करून त्यांचे मसावि काढले. एका गटाला तपासलेल्या सुरक्षित जोडणीच्या यंत्रांपैकी सुमारे अर्ध्या टक्क्याच्या गुप्त किल्ल्या मिळाल्या. त्यांत राउटर, फायरवॉल यांसारखी उपकरणं होती. पहिल्यांदा चालू होताच ती किल्ली बनवत. त्या क्षणी त्यांच्याजवळ पुरेशी यादृच्छिकता नसे, म्हणून वेगवेगळ्या उपकरणांनी तीच मूळ संख्या निवडली. संख्या मोठ्या होत्या, पण निवड पुरेशी यादृच्छिक नव्हती.

अवयव पाडणं मुळातच अवघड आहे, हे आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. झटपट रीत सापडलेली नाही, एवढंच. पीटर शोर यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की पुरेसा मोठा क्वांटम संगणक बनला तर हे काम तो लवकर करील. तसा संगणक अजून नाही. तरी आज चोरून साठवलेला मजकूर उद्या उघडता येऊ नये, म्हणून अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ साली अवयवांवर अवलंबून नसलेल्या पद्धती जाहीर केल्या. किल्ली ठरवण्याच्या कामात त्या येऊ लागल्या आहेत. प्रमाणपत्रांवरच्या सह्यांत मात्र दोन मोठ्या मूळ संख्यांचा तो गुणाकार अजूनही काम करतो आहे.