दहशतवादाची व्याख्या आणि लिस्बनहून आलेला आरोपी

12 मार्च 1993 रोजी मुंबईत बारा बॉम्बस्फोट झाले आणि 257 माणसे मारली गेली. या स्फोटांच्या खटल्यात सरकारची बाजू मांडणारे उज्ज्वल निकम जळगावचे, त्यामुळे खटल्याची कथा इथल्या श्रोत्यांना नवी नाही. आज त्यातल्या एकाच आरोपीबद्दल बोलायचे आहे. अबू सालेम 2002 च्या सप्टेंबरात पोर्तुगालमधील लिस्बन शहरात पकडला गेला आणि 11 नोव्हेंबर 2005 रोजी भारतात आणला गेला. त्या वेळी भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पणाचा करारच नव्हता. जगाने दहशतवादाची सर्वमान्य व्याख्याही केलेली नव्हती आणि ती आजही झालेली नाही. मग तिथल्या न्यायालयाने आपला कैदी कोणत्या कायद्याने सोपवला? या प्रश्नाचे उत्तर नीट पाहिले तर व्याख्या का होत नाही आणि तिच्यावाचून काम कसे चालते, या दोन्ही गोष्टी उलगडतात.

व्याख्येचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. 1934 मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे युगोस्लाव्हियाचा राजा अलेक्झांडर मारला गेला. कटातले सूत्रधार इटलीत होते. गुन्हा राजकीय स्वरूपाचा आहे, असे म्हणून इटलीने त्यांना सोपवण्यास नकार दिला. त्यानंतर राष्ट्रसंघाने 1937 मध्ये एक करार तयार केला आणि त्यात व्याख्या घातली. राज्यसंस्थेविरुद्ध केलेली आणि लोकांच्या मनात दहशत बसवण्याच्या हेतूने केलेली गुन्हेगारी कृत्ये म्हणजे दहशतवाद, असा तिचा आशय होता. या करारावर चोवीस देशांनी सह्या केल्या, पण त्याला अंतिम मान्यता दिली एकाच देशाने, आणि तो देश होता हिंदुस्थान! अर्थात ही मान्यता दिल्लीत बसलेल्या इंग्रज सरकारची होती. 1941 साली ती दिली गेली. पुढे तीनच वर्षांनी, 14 एप्रिल 1944 रोजी, धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेला सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे आणि खानदेशातले कार्यकर्ते त्यात होते आणि तो पैसा स्वातंत्र्यलढ्यासाठी हवा होता. राज्यसंस्थेविरुद्धचा गुन्हा हीच कसोटी लावली, तर हे लोक त्या व्याख्येच्या उंबरठ्यावर येऊन उभे राहतात. इंग्रजांना ते तसेच वाटत होते. आपण त्यांना हुतात्म्यांच्या आणि सेनानींच्या पंक्तीत बसवतो, आणि ते योग्यच आहे.

व्याख्येचे घोडे इथेच अडते. शब्द सापडत नाहीत ही अडचण नाही. कोणाला वगळायचे, हा खरा वाद आहे. संयुक्त राष्ट्रांत सर्वंकष कराराचा मसुदा भारतानेच 1996 मध्ये मांडला. मसुद्यातल्या बहुतेक कलमांवर फारसे भांडण उरलेले नाही. भांडण आहे ते अपवादाच्या कलमावर. परकीय सत्तेच्या ताब्यातील प्रदेशात लढणाऱ्या गटांना त्यातून वगळा, अशी इस्लामी देशांच्या संघटनेची मागणी आहे. सशस्त्र दलांच्या कारवायांना युद्धाचे नियम आधीच लागू आहेत, त्या या करारात ओढू नका, असा इतर अनेक देशांचा आग्रह आहे. पॅलेस्टाइन आणि काश्मीर ही नावे मसुद्यात नाहीत, पण वाद कशावरून आहे हे सर्वांना कळते. सगळ्यांना एकमताने हवी असलेली व्याख्या अशा वादातून निघत नाही.

म्हणून जगाने दुसरी वाट धरली. शब्द बाजूला ठेवायचा आणि कृत्य पकडायचे. 1970 च्या हेग करारात विमान अपहरण आले, 1979 च्या करारात ओलीस धरणे आले आणि 1997 मध्ये बॉम्बस्फोटांचा करार झाला. या शेवटच्या करारात गुन्ह्याचे घटक मोजके आहेत. सार्वजनिक जागी, सरकारी इमारतीत, वाहतुकीच्या यंत्रणेत किंवा पाणी-वीज यांसारख्या सुविधांवर कोणी बेकायदा आणि हेतुपूर्वक स्फोटक ठेवले वा उडवले, आणि माणसे मारण्याचा अथवा मोठा विध्वंस करण्याचा हेतू असला, की गुन्हा पुरा झाला. तो कशासाठी केला, हे विचारलेलेच नाही. मग तीन तरतुदी येतात. असा आरोपी ज्या देशात सापडेल त्याने त्याला सोपवावे किंवा स्वतः खटल्याला उभे करावे. गुन्हा राजकीय आहे, या सबबीखाली प्रत्यार्पण नाकारू नये, म्हणजे मार्सेयच्या वेळी इटलीने वापरलेला दरवाजा बंद. आणि दोन देशांत प्रत्यार्पणाचा करार नसला, तर मागणी आलेल्या देशाला वाटल्यास हाच करार आधार म्हणून वापरता येतो.

सालेमच्या वेळी नेमके हेच झाले. दोन्ही देश बॉम्बस्फोट कराराचे सदस्य होते. आपल्या 1962 च्या प्रत्यार्पण कायद्यातही, दोन्ही देश ज्यात आहेत असा आंतरराष्ट्रीय करार प्रत्यार्पणाचा करार मानण्याची सोय आहे. परस्परतेची हमी दिली गेली. पोर्तुगालमध्ये फाशी नाही आणि पंचवीस वर्षांवर तुरुंगवास नाही, म्हणून 17 डिसेंबर 2002 रोजी तेव्हाचे उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी फाशी होणार नाही आणि पंचवीस वर्षांपलीकडे कैद होणार नाही, असे लेखी आश्वासन दिले. पोर्तुगालच्या सर्वोच्च न्यायालयाने 27 जानेवारी 2005 रोजी प्रत्यार्पण मान्य केले. कोणी म्हणेल, स्फोट 1993 चे आणि करार 1997 चा, मग तो मागे कसा लागू झाला? याला माझे उत्तर असे की, करार नवा गुन्हा घडवत नव्हता. बॉम्ब लावून माणसे मारणे 1993 मध्येही भारतात गुन्हाच होता. कराराने फक्त आरोपी परत आणण्याचा रस्ता दिला.

या रस्त्याची किंमत मात्र मोजावी लागते. प्रत्यार्पण ज्या आरोपांसाठी झाले, त्यांपलीकडे खटला चालवता येत नाही. भारतात वाढीव कलमे लावली गेली, तेव्हा पोर्तुगालच्या न्यायालयांनी आपली परवानगीच मोडली गेल्याचे ठरवले, आणि 2013 मध्ये आपल्या सरकारला त्या आरोपांपासून माघार घ्यावी लागली. 2017 मध्ये जन्मठेप झाली. पण 2022 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकार आपल्या शब्दाला बांधील आहे आणि पंचवीस वर्षे भरल्यावर सुटकेसाठी राष्ट्रपतींना सल्ला द्यावा लागेल. अनेकांना याचा संताप आला. तो समजण्यासारखा आहे, पण शब्द मोडला तर पुढचा आरोपी कोणी देणार नाही, हेही तितकेच खरे.

याहून गंभीर आक्षेप दुसरा आहे. तुकड्या-तुकड्यांचे करार म्हणजे मूळ प्रश्नाला बगल, असे म्हटले जाते, आणि त्यात तथ्य आहे. पाकिस्तानने 2002 मध्ये बॉम्बस्फोट करारात प्रवेश केला तो स्वयंनिर्णयासाठीच्या सशस्त्र लढ्यांना हा करार लागू नाही, असे जाहीर करूनच. म्हणजे दाराबाहेर ठेवलेला वाद खिडकीतून आत आला. पण भारतासह अनेक देशांनी त्यावर लेखी हरकत घेतली, आणि कराराचा मजकूर त्यांच्या बाजूचा असल्याने त्या हरकतीला कायद्याचे वजन आहे. सर्वंकष व्याख्येच्या वाटाघाटींत असा भक्कम मजकूर मुळात निर्माणच झाला नसता.

खरी पोकळी वेगळीच आहे, आणि ती मुंबईनेच दाखवली. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ताजमध्ये आणि नरिमन हाउसमध्ये लोक ओलीस धरले गेले. ते कृत्य 1979 च्या करारात बसते. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हातबॉम्ब फेकले गेले, ते 1997 च्या करारात येतात. पण तिथे बहुतेक माणसे बंदुकीच्या गोळ्यांनी पडली, आणि बॉम्बस्फोट करारातील प्राणघातक उपकरणाच्या व्याख्येत स्फोटक, आग लावणारे, विषारी, जैविक आणि किरणोत्सारी साधन आहे, बंदूक नाही. स्टेशनावर गोळीबार करून परदेशात पळालेल्या माणसासाठी हा करार दार उघडत नाही. माझ्या मते भारताने तीस वर्षे अडलेल्या सर्वंकष मसुद्याची वाट पाहत बसण्यापेक्षा, सार्वजनिक जागी लोकांवर केलेला गोळीबार याच करारात घालणाऱ्या छोट्याशा पुरवणी करारासाठी जोर लावावा. त्यात हेतू विचारायचा नाही, वगळायचे कोणाला हेही विचारायचे नाही, फक्त कृत्य लिहायचे.