पगाराच्या चिठ्ठीतली पहिली ओळ

आपल्या रिसोड, मालेगाव, मंगरूळपीरकडच्या कितीतरी मुली आता पुण्याकडे कंपनीत लागल्या आहेत. गटाच्या बैठकीत कुणी नोकरीचं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, हातात किती येतात? आम्ही म्हणतो, त्यासोबत आणखी एक विचारा. बेसिक किती आहे?

बेसिक म्हणजे मूळ पगार. घरभाडं, प्रवास असे भत्ते त्याच्यावर वेगळे मिळतात. समजा, दोन मुलींचा पगार वीस-वीस हजारच आहे. पहिलीचं बेसिक 15,000, भत्ते 5,000. दुसरीचं बेसिक 8,000, भत्ते 12,000. पीएफ बेसिक आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिच्यावर 12 टक्के कापतात, आणि तेवढीच रक्कम मालक घालतो. इथं महागाई भत्ता वेगळा नाही असं धरू. पहिलीचे 1,800 कापले, हातात 18,200 आले. दुसरीचे 960 च कापले, हातात 19,040 आले. दुसरी खूश! पण पहिलीच्या नावावर दर महिन्याला 3,600 जमा होतात, दुसरीच्या 1,920. मालकाच्या वाट्यातला मोठा भाग पेन्शनकडे जातो, तोही तिचाच. हातात 840 जास्त आले, पण जमा 1,680 नी कमी झाली. मालकाचे 840 वाचले, ते वेगळंच.

ग्रॅच्युइटीचंही तसंच. नोकरी सोडताना दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळतो, आणि तो शेवटच्या बेसिक व महागाई भत्त्यावर निघतो. महिना 26 दिवसांचा धरतात. सहा वर्षांनी पहिलीला 15,000 भागिले 26, गुणिले 15, गुणिले 6, म्हणजे सुमारे 51,923 रुपये मिळतील. दुसरीला 8,000 वर 27,692. साधारणपणे पाच वर्षं पूर्ण व्हावी लागतात, त्यामुळे चार वर्षांनी घाईत राजीनामा देण्याआधी तारीख बघावी.

जिल्हा परिषदेच्या नोकरीत महागाई भत्ता, घरभाडं हे बेसिकच्या टक्क्यातच असतात. म्हणून तिथं बेसिक वाढलं की सगळंच वाढतं.

बेसिक मुद्दाम कमी दाखवण्यावर आता बंधन आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे घरभाडं, प्रवास असे वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याच्या वर गेले, तर वरची रक्कम पगारात धरायची. म्हणजे दुसरीचे 2,000 बेसिकमध्ये मिळवून ग्रॅच्युइटीचा हिशेब 10,000 वर करायला हवा.

घरी तपासायचं असेल तर मुलीला पगाराची चिठ्ठी मोबाइलवर पाठवायला सांगा आणि उमंग ॲपवर पीएफचं पासबुक उघडा. तिथं पीएफसाठी धरलेला पगार दिसतो. तो चिठ्ठीतल्या बेसिक आणि महागाई भत्त्याच्या बेरजेपेक्षा कमी असेल, किंवा चिठ्ठीत कपात आहे पण पासबुकात भरणा नाही, तर आधी कंपनीच्या कार्यालयात लेखी विचारायचं. तिथं दाद लागली नाही तर पीएफ कार्यालयात तक्रार करता येते, आणि त्यासाठी चिठ्ठ्या जपून ठेवलेल्या लागतात.