सिल्व्हर, गोल्ड आणि फराळ

गणपती उठले की आपल्या भागातल्या बचत गटांना आणि घरगुती फराळ करणाऱ्या बायकांना कारखान्यांच्या ऑर्डरींचे वेध लागतात. अंबरनाथचं आनंदनगर, बदलापूरची एमआयडीसी, उल्हासनगरचे छोटे उद्योग, सगळीकडे दिवाळीला कामगारांना काहीतरी द्यायचं असतं. समजा, चामटोलीतल्या एका गटाला अशा एका कारखान्यानं विचारलं, ‘तीन प्रकारचे डबे द्या, प्रत्येकाचं नाव आणि दोन ओळी माहिती पाठवा.’ फराळ करणं गटाला नवं नाही. अडतं ते या दोन ओळींपाशी.

पहिला विचार बहुतेकांच्या मनात एकच येतो: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. मला हा प्रकार मुळीच पटत नाही. दुकानात ग्राहक आपल्या खिशाकडे बघून सिल्व्हर निवडतो, तिथे ते ठीक आहे. कारखान्यात मात्र विकत घेणारा एक आणि खाणारा दुसरा. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी गेटवर डबे वाटले जातात आणि शिफ्ट सुटताना सगळे एकमेकांचे डबे बघतात. हेल्परच्या हातात सिल्व्हर आणि सुपरवायझरच्या हातात प्लॅटिनम दिसलं, की चकली कितीही खुसखुशीत असली तरी तोंडाची चव जाते. डब्यांचे भाव वेगळे असतील तर ते बिलावर असू द्यावेत. डब्याच्या नावात तो फराळ कुठे आणि कोणाबरोबर खाल्ला जाणार हे यावं.

म्हणून आपण तीन नावं घेऊ: ‘पहाट’, ‘चहाची वेळ’ आणि ‘लांबचा पाहुणा’. फोनवर उल्हासनगरच्या सिंधी साहेबांना सांगितली तरी ती नीट उतरवून घेता येतील. ‘अभ्यंगोत्सव’ सांगून बघा, ऑर्डर फॉर्मवर काय उमटेल देव जाणे.

‘पहाट’ कामगाराच्या घरी जाणार आहे, तर त्याची माहिती अशी लिहू: ‘नरकचतुर्दशीच्या पहाटे घरातल्या चौघांनी मिळून खायचा फराळ. पातळ पोह्यांचा चिवडा अर्धा किलो, भाजणीची चकली पाव किलो, गोड शंकरपाळे पाव किलो आणि साजूक तुपातले बेसनाचे आठ लाडू. चिवड्यात शेंगदाणे आहेत.’ बस्स. यात ‘मांगल्याची उधळण’ नाही, ‘शाही खजिना’ नाही. खरेदी अधिकाऱ्याला वजन कळलं, घरच्या माणसाला आत काय आहे ते कळलं, आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला सावध झाला. लाडूंची संख्या लिहिली तरी वजनही लिहावं. पस्तीस ग्रॅमचा एक लाडू धरला तर आठांचे दोनशे ऐंशी ग्रॅम होतात आणि डब्यात एकूण एक किलो दोनशे ऐंशी ग्रॅम फराळ भरतो. हे वजन रिकाम्या डब्याचं आणि ट्रेचं वजन सोडून असतं.

यात करंजी का नाही, असं कोणी विचारेल. हिशेब तारखांचा आहे. फराळ तयार होतो, दोन दिवसांत डब्यात जातो, सुट्टी लागण्याआधी आठवडाभर कारखान्यात पोचतो, पहिल्या आंघोळीला उघडतो आणि भाऊबीज उलटली तरी पुरवून पुरवून खाल्ला जातो. म्हणजे पंधरा-वीस दिवस तो टिकायला हवा. ओल्या नारळाची करंजी दोन-तीन दिवसांची सोबतीण. ओला नारळ घातलेले रव्याचे लाडूही त्याच वाटेनं जातात. ते घरी करावेत आणि घरीच संपवावेत.

चिवड्याचं दुखणं वेगळं. गरम असताना पिशवी बंद केली की आत वाफ धरते आणि चिवडा सादळतो. तो परातीत पूर्ण गार होऊ द्यायचा, मगच पिशवी सील करायची. जुना झाला की आधी शेंगदाणे आणि सुक्या खोबऱ्याचे काप खवट होतात, म्हणून तपासताना नुसते पोहे चाखू नका, खोबऱ्याचा काप चावून बघा.

चकलीत मोहन जास्त पडलं तर ती तोंडात विरघळते खरी, पण डब्यात तिचा चुरा होतो. डब्यासाठी मोहन किंचित हात राखून घालावं, आणि चकल्या सर्वांत वर, आडव्या रचाव्यात. भरलेला एक डबा रिक्षात ठेवून बदलापूरहून अंबरनाथपर्यंत नेऊन परत आणा. उघडल्यावर किती चकल्या शाबूत आहेत ते मोजा. आपल्या रस्त्यांपेक्षा कडक परीक्षक दुसरा मिळणार नाही.

‘चहाची वेळ’ हा ऑफिसातला डबा. त्यावर लिहू: ‘टेबलावर उघडा, सगळ्यांनी मिळून संपवा. तिखट शेव, कडबोळी आणि खारे शंकरपाळे, पन्नास-पन्नास ग्रॅमच्या बारा पुड्या. गोड काही नाही.’ ते शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. मधुमेहाची माणसं ऑफिसात असतातच, आणि दिवाळीत मिठाईचे पुडे तिथे आधीच साचलेले असतात.

‘लांबचा पाहुणा’ परगावच्या ग्राहकांना कुरिअरनं जाणार. त्यात भाजक्या पोह्यांचा चिवडा, जाड शेव आणि गोड शंकरपाळे. माहितीत एक ओळ अशी: ‘चकली यात नाही, वाटेत मोडते.’ आपल्याच मालाची उणीव कशाला सांगायची, असं वाटेल. पण ‘दिवाळीच्या फराळात चकली कशी नाही?’ हा प्रश्न खरेदी अधिकारी विचारणारच आहे, त्याचं उत्तर आधीच दिलेलं बरं. शिवाय चेन्नईच्या माणसाला शंकरपाळे म्हणजे काय ते ठाऊक नसतं, म्हणून ‘दूध, तूप आणि साखर घालून भिजवलेल्या मैद्याचे तळलेले तुकडे’ असं त्याला कळेल त्या भाषेत छापावं.

आता शब्दांबद्दल थोडं. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे जाहिराती आणि दाव्यांविषयीचे 2018 चे नियम आहेत. आपल्याला सवयीचे तीन शब्द त्यात अडकतात. ‘शुद्ध’ हा शब्द ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही अशा एकाच पदार्थासाठी आहे. त्यामुळे ‘शुद्ध लाडू’ म्हणता येत नाही, पण तूप खरोखर शुद्ध असेल तर ‘शुद्ध तुपात केलेले’ म्हणता येतं. ‘पारंपरिक’ म्हणायचं तर ती कृती पिढ्यानपिढ्या फारशी न बदलता चालत आलेली असावी लागते. चकलीच्या भाजणीला त्याची चिंता नाही, चॉकलेटच्या शंकरपाळ्यांना आहे. आणि ग्राहकाची दिशाभूल होईल असा ‘घरगुती’ शब्द वापरायला मनाई आहे. हॉल भाड्यानं घेऊन, माणसं लावून शेकडो डबे भरत असाल तर हा शब्द सोडून द्या. बोलताना आपण सहज म्हणतो, ते डब्यावर छापणं तितकं सोपं नाही.

डब्याच्या बाजूला नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, वजनाच्या उतरत्या क्रमानं घटक, केल्याची आणि वापरण्याची मुदत संपण्याची तारीख, आणि गटाचा पत्ता हे सगळं यायला हवं. पत्ता पूर्ण लिहा: चामटोली, तालुका अंबरनाथ, जिल्हा ठाणे. पुढच्या वर्षी ऑर्डर देणारा तोच पत्ता शोधणार आहे. आणि नमुन्याचे डबे नवरात्रापर्यंत कारखान्यात पोचवा. त्यानंतर खरेदीचे निर्णय झालेले असतात.