रात्रीची पाळी



कार्यक्रमाच्या संयोजकांनी आम्हा दोघांना "तान्ह्या बाळाच्या घरातले पहिले दोन महिने" या विषयावर बोलायला सांगितलं. आम्ही दोघंही सॉफ्टवेअरवाले. प्रॉडक्शन सपोर्टमध्ये रात्रीच्या पाळ्या ठरलेल्या असतात. ज्याची पाळी नाही तो फोन बंद करून झोपतो. बाळाच्या बाबतीत आम्ही तेच केलं, म्हणून आज फक्त रात्रीबद्दल बोलतो.

नवजात बाळ चोवीस तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं. रात्रीच्या एका खेपेला साधारण तास जातो. त्यात प्रत्यक्ष पाजणं अर्धा तास. बाकीचा वेळ बाळाला उचलणं, डायपर बदलणं, ढेकर काढणं आणि पुन्हा झोपवणं यात जातो. अंगावर पाजणं आईच करणार, पण उरलेला अर्धा तास बाबा सहज घेऊ शकतात. बाबांनी बाळाला आईजवळ आणून द्यायचं, पिऊन झालं की परत न्यायचं. रात्री अशा तीन खेपा धरल्या तर आईची दीड तास झोप वाचते.

पहिले तीन-चार आठवडे आम्ही एवढंच केलं. त्या दिवसांत पान्हा बसत असतो. मधली खेप चुकवली तर छाती दाटते, दुखते आणि दूध कमी होऊ शकतं. त्यामुळे "मी बाटलीने पाजतो, तू रात्रभर झोप" हा उत्साह तेव्हा उपयोगाचा नाही.

महिन्यानंतर वेळापत्रक बदललं. सकाळी दूध जास्त असतं, तेव्हा पंपाने काढून ठेवायचं. असं दूध फ्रीजमध्ये चार दिवस टिकतं, बाहेर चार तास. बाटली गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून कोमट करायची. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नये, दूध कुठे गार, कुठे चटका बसेल इतकं गरम होतं.

आमच्या घरी रात्री साडेआठला बाळाला पाजून आई दुसऱ्या खोलीत झोपायला जायची. अकराच्या सुमाराची खेप बाबांची, ९० मिलीची बाटली. दीड वाजता पाळी बदलायची. दीड आणि साडेचारची खेप आईची, आणि साडेसहाला बाळ पुन्हा बाबांकडे. म्हणजे दोघांनाही सलग पाच तास झोप. बाळाला मात्र पाळी कोणाचीही असो, त्याच्या पाळण्यात, सपाट घट्ट गादीवर, पाठीवरच झोपवायचं. पेंगत असताना बाळ घेऊन सोफ्यावर बसायचं नाही, ते धोक्याचं असतं.

दुसरा मुद्दा "काय करू ते सांग" या वाक्याचा. हे ऐकायला चांगलं वाटतं, पण लक्षात ठेवायचं काम आईकडेच राहतं. म्हणून कामं अख्खी वाटून घ्यावीत. डायपर बाबांकडे, म्हणजे संपत आलेत हे पाहणं आणि आणणंही बाबांकडेच. फ्रीजवर एक कागद लावला होता. त्यावर वेळ, कोणत्या बाजूने पाजलं, शू, शी. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला निदान सहा ओले डायपर हवेत. कमी दिसले तर डॉक्टरांना फोन. कागद असला की झोपलेल्या माणसाला उठवून विचारावं लागत नाही.

आता आम्हा दोघांच्या वेळेबद्दल. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आजी सकाळी मालीश, अंघोळ, शेक करून बाळाला दुपट्यात गुंडाळत. तेवढी चाळीस मिनिटं आमची. मदत म्हणून बाथरूमच्या दारात उभं राहायचं नाही, हे आजींनीच बजावलं. चहा, डिंकाचा लाडू आणि गप्पा. एकच नियम, त्या वेळात शू-शीचा विषय नाही. आजी नसतील तर बाळाच्या पहिल्या झोपेतली पंधरा मिनिटंही पुरतात. ती भांडी घासण्यात घालवू नयेत.

एक गोष्ट मात्र पाळ्यांनी सुटत नाही. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत रडू येणं, चिडचिड होणं सर्रास आढळतं आणि ते ओसरतं. त्यापुढेही उदासी राहिली, किंवा बाळ शांत झोपलेलं असताना, पाळी नसतानाही आईला झोप लागत नसेल, तर तो थकवा समजू नये. अनेक डॉक्टर त्यासाठी एडिंबरो नावाची दहा प्रश्नांची प्रश्नावली देतात. ती "सगळं ठीक" म्हणून उरकू नका. अमेरिकेत १-८३३-८५२-६२६२ हा मातांसाठीचा मोफत फोन चोवीस तास चालू असतो. बाबाही फोन करू शकतात. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर थांबू नका, लगेच ९११.

आपल्याकडे बाळंतिणीला माहेरी सव्वा महिना विश्रांती मिळायची, कारण घरात चार बायका असत. इथे त्या चौघींचं काम दोघांत वाटायचं आहे. कागद-पेन घेऊन बसा, आणि बाळ यायच्या आधीच पाळ्या लिहून काढा.